अतितीव्र श्रवणदोष असलेल्या बाळासाठी श्रवणयंत्र की कॉक्लिअर इम्प्लांट? पालकांचे नेहमीचे प्रश्न

हे पान एकाच परिस्थितीबद्दल आहे. बाळ सहा महिने ते दोन-अडीच वर्षांचं आहे, दोष जन्मापासून दोन्ही कानांत आहे आणि रिपोर्टवर ‘अतितीव्र’ किंवा ‘प्रोफाउंड’ असं लिहून आलं आहे. एकाच कानाचा दोष किंवा बोलायला शिकल्यानंतर गेलेलं ऐकणं यांचे निर्णय वेगळ्या पद्धतीने घ्यावे लागतात, म्हणून ते इथे घेतलेले नाहीत.

बेराच्या रिपोर्टवर ‘९० डेसिबलला प्रतिसाद नाही’ असं लिहिलंय. म्हणजे बाळाला काहीच ऐकू येत नाही का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. बेरा तपासणीत बाळ झोपलेलं असताना कानात टकटक असा आवाज सोडतात आणि डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवरून श्रवणनसेचा प्रतिसाद टिपतात. हा आवाज मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झ या उंच पट्टीचा अंदाज देतो. खालच्या पट्टीत, म्हणजे २५० किंवा ५०० हर्ट्झला, थोडं श्रवण शिल्लक असेल तर ते या तपासणीत दिसत नाही. शिवाय मशीन एका मर्यादेपलीकडे मोठा आवाज देऊ शकत नाही. त्यामुळे ‘प्रतिसाद नाही’ याचा अर्थ ‘मशीनच्या मर्यादेपर्यंत दिसला नाही’ इतकाच घ्यायचा.

म्हणून एकट्या बेरावर थांबू नका. एएसएसआर किंवा टोन-बर्स्ट बेरा करून ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे प्रत्येक कानाचे वेगवेगळे लिहून मागा. टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाच्या पडद्याची तपासणी, झाली का, तेही विचारा. सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साठलं असेल तर मूळ दोषात आणखी भर पडते आणि आकडे आहेत त्यापेक्षा वाईट येतात.

ऑडिओलॉजिस्टना एक प्रश्न जरूर विचारा : “ऑडिटरी न्यूरोपथी नाही, हे पाहिलंय का?” या प्रकारात आतल्या कानातल्या पेशी काम करतात, पण नसेकडे जाणारा संदेश विस्कळीत होतो. बेरा सपाट येतो, ओएई, म्हणजे आतल्या कानातून परत उमटणारे बारीक आवाज, मात्र कधी कधी येतात. हे ओळखायला बेराच्या आवाजाची ध्रुवता उलटी करून पुन्हा नोंद घ्यावी लागते. काम काही मिनिटांचं असतं, पण गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं. ज्या बाळांना एनआयसीयूत ठेवावं लागलं किंवा ज्यांची कावीळ फार वाढली होती, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न सोडूच नका. अशा बाळाला बेराच्या आकड्यावरून पूर्ण ताकदीचं यंत्र लावलं तर ते चुकीचं ठरू शकतं.

आजी म्हणतात, ताट वाजवलं की बाळ वळतं. मग रिपोर्ट चुकला का?

बहुतेक वेळा दोन्ही खरं असतं. अतितीव्र दोष म्हणजे शून्य श्रवण नव्हे. अगदी जवळ आपटलेल्या स्टीलच्या ताटाचा आवाज उरलेल्या श्रवणापर्यंत पोचू शकतो. त्याशिवाय बाळाला हाताची सावली दिसते, वाऱ्याची झुळूक लागते, जमिनीची थरथर जाणवते. ऐकू न येणारी बाळं या खुणा फार लवकर टिपतात.

म्हणून प्रश्न ‘वळतं का’ इतकाच नाही. बोलण्याचा आवाज बोलण्याइतक्याच जोरात ऐकू येतो का, हे महत्त्वाचं. बाळ गादीवर बसून खेळण्यात रमलेलं असताना पाठीमागे चार-पाच फुटांवरून, सावली पडणार नाही अशा जागी उभं राहून, त्याला नेहमीच्या आवाजात हाक मारा. मग तेच न बोलता नुसतं तिथे जाऊन उभं राहून करा. दोन्ही वेळा सारखंच वळलं तर ते आवाजाने वळत नाही. घरच्या मंडळींना हे प्रत्यक्ष दाखवलं की ‘थोडं थांबू, उशिरा बोलणारी मुलं असतात’ हा आग्रह बराच मावळतो.

श्रवणयंत्र आणि इम्प्लांट यांत नेमका फरक काय?

श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं. पुढचं काम आतल्या कानातल्या, म्हणजे कॉक्लियातल्या, केसासारख्या पेशींनी करायचं असतं. त्या आवाजाच्या कंपनाचं नसेला समजेल अशा विद्युत संदेशात रूपांतर करतात. अतितीव्र दोषात यातल्या बहुतेक पेशी निकामी असतात. विशेषतः उंच पट्टीच्या जागी जिवंत पेशीच नसतील तर आवाज कितीही मोठा केला तरी तो घ्यायला कुणी नसतं. मूल दचकतं, पण शब्द कळत नाही.

इम्प्लांट या पेशींना वगळून थेट नसेला विद्युत संदेश देतं. त्याचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग म्हणजे कानामागे अडकवलेला प्रोसेसर, त्याची वायर आणि डोक्याला लोहचुंबकाने चिकटणारी कॉइल. आतला भाग ऑपरेशनने त्वचेखाली बसवतात, आणि त्याची बारीक इलेक्ट्रोडची तार कॉक्लियाच्या वळणात सरकवतात. कंपनीनुसार या तारेवर १२ ते २२ संपर्कबिंदू असतात. हजारो पेशींचं काम एवढे थोडे बिंदू करतात, हे लक्षात ठेवलं की पुढे थेरपी का लागते तेही समजतं. मेंदूला हा नवा आवाज शिकावा लागतो.

बाहेरचा भाग काढला की मूल पूर्वीसारखंच ऐकू न येणारं असतं. आंघोळीला, रात्री झोपताना, चार्ज संपल्यावर ही स्थिती रोज येते.

शेवटी इम्प्लांटच लागणार असेल, तर आधी महागडं श्रवणयंत्र कशाला?

याची कारणं पक्की आहेत. पहिलं, लहान बाळाचे आकडे अंदाजी असतात आणि यंत्र लावल्यावर काही बाळं अपेक्षेपेक्षा बरीच चांगली ऐकतात. दुसरं, ऑपरेशन होईपर्यंतचे महिने फुकट जात नाहीत. खालच्या पट्टीचा आवाज जरी पोचला तरी बाळाला आवाज, लय आणि बोलण्याची आळीपाळी यांची ओळख होते आणि कानावर काहीतरी ठेवून घ्यायची सवय लागते. तिसरं, सरकारी योजनेत ट्रायल आणि थेरपीचे कागद पाहिले जातात.

ट्रायल साधारण तीन ते सहा महिन्यांची धरतात. यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. भाड्याने किंवा ट्रायलसाठी मिळतं का, ते आधी विचारा.

एका बाबतीत मात्र थांबायचं नसतं. मेंदूज्वरामुळे, म्हणजे मेनिन्जायटिसमुळे, श्रवण गेलं असेल तर कॉक्लियाच्या आत हाड भरायला लागू शकतं. ते काही आठवड्यांतही सुरू होतं, आणि हाड भरलं की इलेक्ट्रोड पूर्ण आत जात नाही. अशा बाळाचं सीटी, एमआरआय आणि सर्जनची भेट त्याच आठवड्यात ठरवा. ‘सहा महिने मशीन लावून बघू’ हा सल्ला इथे लागू होत नाही.

ट्रायल नीट झाली, हे आम्ही कसं ओळखायचं?

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘मशीनचा फायदा झाला नाही’ असं म्हणत येणाऱ्या कितीतरी बाळांची ट्रायल खऱ्या अर्थाने झालेलीच नसते.

सुरुवात इअर मोल्डपासून होते. मोल्ड म्हणजे बाळाच्या कानाचं माप घेऊन बनवलेला मऊ साचा. अतितीव्र दोषाला लागणारं यंत्र खूप ताकदीचं असतं. साच्याच्या कडेने जरासा आवाज बाहेर निसटला तरी तो पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. पहिल्या वर्षात बाळाचा कान भराभर वाढतो, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी नवा मोल्ड लागतो. होतं असं, की शिट्टीला कंटाळून घरी आवाज कमी केला जातो किंवा दुकानात ‘सेटिंग’ खाली आणलं जातं. शिट्टी थांबते आणि ट्रायलही तिथेच संपते, कारण आता यंत्र बाळाला लागणारा आवाजच देत नसतं. शिट्टीवरचा उपाय नवा मोल्ड हाच आहे. आधी कानात मळ साठलेला नाही, हे डॉक्टरांकडून बघून घ्या.

दुसरी गोष्ट मोजमापाची. बाळाच्या कानाची पोकळी मोठ्या माणसापेक्षा खूपच लहान असते, म्हणून तेच यंत्र तिथे अधिक जोरात वाजतं. नुसत्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने ‘फर्स्ट फिट’ करून दिलेलं यंत्र म्हणूनच अंदाजपंचे असतं. कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष आवाज मोजला का, किंवा आरईसीडी, म्हणजे कानाच्या लहान पोकळीमुळे आवाजात पडणारा फरक, वापरून सेटिंग केलं का, हे विचारा. हे मोजमापाचं मशीन ज्यांच्याकडे आहे अशा केंद्रात एकदा तरी सेटिंग तपासून घ्या, प्रवास करावा लागला तरी.

तिसरी गोष्ट तासांची. यंत्र बाळ जागं असेपर्यंत सगळा वेळ हवं, म्हणजे दिवसाला साधारण दहा तास. बहुतेक डिजिटल यंत्रं वापराचे तास स्वतःच नोंदवतात. ऑडिओलॉजिस्टना ते संगणकावर दाखवायला सांगा. रोज सरासरी दोन तास दिसत असतील तर त्या ट्रायलवरून कोणताच निष्कर्ष काढता येणार नाही, आणि हे ऐकून कुणी रागावण्याचं कारण नाही. पहिले दोन-तीन आठवडे बाळं यंत्र ओढून काढतातच. जेवताना, खेळताना, अंगाखांद्यावर असताना पुन्हा पुन्हा लावायचं आणि दोरीची क्लिप कपड्याला अडकवायची.

बॅटरी साधारणपणे ६७५ नंबरची लागते. पाठीवरचं स्टिकर काढल्यावर ती मिनिटभर उघडी ठेवून मग घालायची. हवा लागल्याशिवाय ती पूर्ण ताकद देत नाही. बॅटरीचं दार लहान मुलांना न उघडणारं असायला हवं. बाळाने बॅटरी गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

यंत्र लावून ‘ऐकू येतंय’, पण ते पुरेसं आहे हे कशावरून ठरतं?

एक उदाहरण आकड्यांसकट बघू. समजा चौदा महिन्यांची मुलगी आहे, चार महिने रोज नऊ-दहा तास यंत्र वापरलंय, मोल्ड नीट बसलाय. उजव्या कानाचे विनायंत्र आकडे असे : ५०० हर्ट्झला ९० डेसिबल, १००० ला १०५, आणि २००० व ४००० ला प्रतिसाद नाही. यंत्र लावून खेळण्याचे दिवे दाखवत केलेल्या तपासणीत, ज्याला व्हीआरए म्हणतात, आकडे येतात : ५०० ला ४५, १००० ला ५५, २००० ला ७५, ४००० ला काहीच नाही.

बोलण्यातले बहुतेक आवाज ऑडिओग्रामवर २० ते ६० डेसिबलच्या दरम्यान पडतात. म्हणजे या मुलीला १००० हर्ट्झपर्यंतचं बोलणं बऱ्यापैकी पोचतं, त्यावरचं जवळजवळ नाही. घरी काय दिसेल? ती नावाने हाक मारल्यावर वळेल. ‘आई’ म्हटल्यावर बघेल, गाण्यावर डोलेल. घरचे आनंदाने म्हणतील, मशीन चाललं.

आता तिला तोंड न दाखवता ‘तू’ आणि ‘ती’ म्हणून बघा. ‘ऊ’ आणि ‘ई’ या स्वरांचा खालच्या पट्टीतला भाग जवळपास सारखाच असतो. त्यांना वेगळं करतो तो वरचा भाग, आणि ‘ई’चा तो भाग २००० हर्ट्झच्या वर असतो. तो या मुलीला मिळतच नाही. तिच्यासाठी ‘तू’ आणि ‘ती’ एकच शब्द आहे. ‘स’ आणि ‘श’ तर तिच्यासाठी नुसती शांतता आहे, म्हणजे ‘बस’ आणि ‘ब’ सारखेच. मराठीत ‘आला’, ‘आली’, ‘आले’ हा सगळा फरक शेवटच्या स्वरात असतो. तो सुटला की वाक्याचा अर्थ सुटतो.

या मुलीला इम्प्लांटकडे न्यावं, असंच आम्ही म्हणू. चांगल्या मॅपिंगनंतर, म्हणजे प्रोसेसरचं सेटिंग मुलाला जुळवून घेतल्यावर, इम्प्लांटवर साधारण २५ ते ३५ डेसिबलच्या आसपास आणि सगळ्या पट्ट्यांत ऐकू येणं अपेक्षित असतं. उलट, यंत्र लावून २००० आणि ४००० लाही ३५-४० येत असेल आणि थेरपीत नवनवे शब्द ओळखले जात असतील, तर घाई करू नका. यंत्र काम करतंय.

किती वयापर्यंत थांबता येईल?

ट्रायल झाली असेल आणि निकाल स्पष्ट असेल तर पहिल्या वाढदिवसाच्या आसपास ऑपरेशन झालेलं चांगलं. काही ठिकाणी नऊ महिन्यांच्या बाळांवरही करतात. भाषा शिकण्यासाठी मेंदूचा सगळ्यात लवचीक काळ पहिल्या तीन-साडेतीन वर्षांचा असतो. जन्मापासून काहीच न ऐकलेल्या आणि यंत्रही न वापरलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला इम्प्लांट केल्यावर आवाज कळतो, हॉर्न कळतो, पण स्पष्ट बोलणं येईलच असं सांगता येत नाही. हे कुणी तुम्हाला ऑपरेशनआधी सांगत नसेल तर तुम्ही विचारा.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत काय बघतात?

सीटीमध्ये कॉक्लियाची घडण आणि कानामागचं हाड दिसतं. एमआरआयमध्ये श्रवणनस आहे का, ते दिसतं. सर्जनना थेट विचारा : “दोन्ही बाजूंची नस दिसतेय का, आणि जाडी कशी आहे?” कॉक्लिया तयारच झाली नसेल किंवा नस नसेल, तर इम्प्लांटचा संदेश पुढे न्यायला वाट नसते. नस बारीक असेल तर निकाल मर्यादित राहू शकतो. तेही आधीच कळायला हवं.

ईसीजी जरूर व्हायला हवा. जन्मजात बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मीळ दोष असू शकतो, जो भुलीच्या वेळी जिवावर बेतू शकतो. साध्या ईसीजीत त्याची खूण सापडते. डोळ्यांची तपासणीही करून घ्या, कारण काही आनुवंशिक प्रकारांत पुढे दृष्टीवर परिणाम होतो. घरात नात्यातलं लग्न असेल किंवा आणखी कुणाला असा दोष असेल तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा. पुढच्या बाळाच्या दृष्टीनेही ते कामाचं आहे.

लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून न्यूमोकोकल आणि हिब लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण करतात. दोन वर्षांनंतर न्यूमोकोकलचा आणखी एक वेगळा डोस लागतो. तो ऑपरेशनच्या धांदलीनंतर हमखास विसरला जातो, तेव्हा कार्डावर आत्ताच तारीख लिहून ठेवा.

ऑपरेशन मेंदूचं असतं का? धोका किती?

मेंदूला हात लागत नाही. कानामागे चीर देऊन हाडात जागा करतात, आतला भाग बसवतात आणि इलेक्ट्रोड कॉक्लियात सरकवतात. एका कानाला साधारण दोन ते तीन तास लागतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस वाटेतच असते, म्हणून ऑपरेशनभर तिच्यावर लक्ष ठेवणारं यंत्र वापरतात. ते वापरणार का, हे विचारायला संकोचू नका. टाके घालण्याआधी इलेक्ट्रोड काम करतात का ते तपासतात. त्या तपासणीची प्रत मागून घ्या, पुढे मॅपिंगला उपयोगी पडते.

जखमेत जंतुसंसर्ग, तात्पुरती चक्कर किंवा चव बदलणं हे होऊ शकतं. चेहऱ्याची कमजोरी क्वचित येते. उपकरणच बिघडून पुन्हा ऑपरेशन करावं लागणं हेही क्वचित घडतं. त्या कानात उरलेलं नैसर्गिक श्रवण बऱ्याचदा कमी होतं किंवा जातं, म्हणून ट्रायल नीट झालेली असणं इतकं महत्त्वाचं.

स्विच ऑनच्या दिवशी बाळ ऐकायला लागेल ना?

ऑपरेशननंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी प्रोसेसर सुरू करतात. काही बाळं त्या दिवशी रडतात, काही नुसती थबकतात, काही काहीच दाखवत नाहीत. व्हिडिओत दिसतं तसं हसू आलं नाही म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नका. पहिलं मॅपिंग मुद्दाम हळू आवाजावर ठेवतात आणि पुढच्या आठवड्यांत पायरीपायरीने वाढवतात. पहिल्या वर्षात मॅपिंगच्या बऱ्याच फेऱ्या होतात, नंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने.

मूल अचानक कॉइल काढून टाकायला लागलं, पापणी फडफडायला लागली, किंवा आधी म्हणत असलेले शब्द गाळायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मॅप बिघडला असेल, नाहीतर वायर तुटत आली असेल.

खर्च कसा भागवायचा?

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या जन्मजात श्रवणदोष असलेल्या मुलांना उत्पन्नाच्या अटीवर इम्प्लांट, ऑपरेशन आणि त्यानंतरची थेरपी मिळते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची प्रमुख संस्था आहे. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या, केंद्रातही जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आणि अंगणवाडीत येणारं तपासणी पथक तिथे पाठवू शकतं. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला आणि ट्रायलचे कागद तयार ठेवा. प्रतीक्षायादी असते, म्हणून ट्रायल सुरू असतानाच अर्जाची चौकशी करा.

पण खरा हिशेब ऑपरेशननंतर सुरू होतो. आतला भाग वर्षानुवर्षं चालतो. बाहेरचे भाग झिजतात. कॉइलची वायर सगळ्यात आधी जाते, मग रिचार्जेबल बॅटऱ्या, मग कॉइल, आणि काही वर्षांनी प्रोसेसर, ज्याची किंमत लाखांत जाते. योजनेतून इम्प्लांट मिळालेली काही मुलं एका वायरसाठी महिनोन् महिने शांततेत राहतात, आणि ही गोष्ट मनाला फार लागते. म्हणून कंपनीच्या प्रतिनिधीकडून हे लेखी घ्या : आतल्या भागाची आणि प्रोसेसरची वॉरंटी किती वर्षं, वॉरंटीत वायर आणि बॅटरी येतात का, आत्ताच्या किमती काय, दुरुस्तीच्या काळात बदली प्रोसेसर मिळतो का, हे मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि सर्वांत जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे. नांदेडच्या कुटुंबाला सर्व्हिससाठी दर वेळी पुण्याला जावं लागणार असेल, तर ते आधीच माहीत हवं. प्रोसेसरचा विमाही विचारा.

कोणती कंपनी चांगली?

मोठ्या कंपन्यांच्या उपकरणांत मुलाच्या निकालाला निर्णायक ठरेल असा फरक सहसा नसतो. तुमच्या जवळचा ऑडिओलॉजिस्ट ज्याचं मॅपिंग नियमित करतो आणि ज्याचे सुटे भाग लवकर मिळतात, ते घ्या. एमआरआय किती टेस्लापर्यंत चालतो, एवढं मात्र विचारून ठेवा. पुढे कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना इम्प्लांटबद्दल आधी सांगायचं, कारण रक्त थांबवायला विजेचा चटका देणाऱ्या कॉटरीचा एक प्रकार चालत नाही.

एकाच कानाला इम्प्लांट झालं. दुसऱ्या कानाचं मशीन बंद करायचं का?

नाही. त्या कानात थोडंही श्रवण असेल तर यंत्र चालू ठेवा. खालच्या पट्टीचा नैसर्गिक आवाज आणि इम्प्लांटचा आवाज एकत्र आले की बोलण्यातले चढउतार चांगले कळतात. सुरुवातीला काही आठवडे थेरपिस्ट रोज थोडा वेळ फक्त इम्प्लांटवर सराव करायला सांगतात. तेवढा वेळ यंत्र काढायचं. दोन्ही कानांना इम्प्लांट परवडत असेल तर दोन ऑपरेशनांतलं अंतर कमी ठेवा.

खुणांची भाषा शिकवली तर बोलायचं राहील का?

खुणांमुळे बोलणं थांबतं असं नाही. ऑपरेशनची वाट पाहताना बाळाला काहीच भाषा न मिळणं हे जास्त नुकसानीचं आहे. नस नसलेल्या किंवा उशिरा आलेल्या मुलांसाठी तर भारतीय सांकेतिक भाषा हाच मुख्य रस्ता ठरू शकतो. इम्प्लांट असलेल्या मुलाला मात्र रोज भरपूर बोलणं ऐकायला मिळायलाच हवं. आठवड्यातून एक-दोन तासांची थेरपी आई-बाबांना शिकवण्यासाठी असते. मूल शिकतं ते घरी, पोळ्या लाटताना आणि बसची वाट बघताना.

उपकरण चालू आहे, हे रोज कसं तपासायचं?

सकाळी यंत्र किंवा प्रोसेसर लावला की सहा आवाजांनी तपासा : म्, ऊ, आ, ई, श्, स्. बाळाच्या थोडं मागे किंवा बाजूला, साधारण तीन फुटांवर बसा, ओठ दिसू देऊ नका, आणि एकेक आवाज नेहमीच्या बोलण्याइतकाच काढा. दोन आवाजांमधलं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर मूल ठेक्यावरून ओळखतं. लहान बाळ नुसतं थांबेल किंवा वळेल. दोन वर्षांचं मूल आवाज ऐकून डब्यात ठोकळा टाकायला शिकतं.

कोणता आवाज सुटला ते वहीत लिहा. सगळेच सुटले तर बॅटरी, वायर, कॉइल या क्रमाने बदलून बघा. नेहमी येणारे ‘स्’ आणि ‘श्’ अचानक सुटले तर मायक्रोफोनच्या जाळीवर घाम किंवा धूळ साठलेली असण्याची शक्यता मोठी. कोकणात आणि पावसाळ्यात हे फार होतं. रात्री उपकरण सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते निकामी झाले असं समजा. डबा मात्र मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी हवा. तीन दिवस ओळीने तोच आवाज सुटत असेल, तर वही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा. ‘नीट ऐकत नाही’ या वाक्यापेक्षा ‘सोमवारपासून स् येत नाही’ या नोंदीवरून त्यांना दोष लवकर सापडतो.